लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचं घड्याळ

आई, बाबा, मुलांनो, दोनच मिनिटं. अहो, तुम्ही जरा पुढे या.

लग्नाला आज 25 वर्षं झाली, म्हणून हे चावीचं घड्याळ. यात सेल नाही. रोज सकाळी हातातून काढून पंचवीस-तीस फेरे चावी द्यायची, अटकाव जाणवला की थांबायचं. आणि रात्री 9 ते पहाटे 3 तारीख बदलायची नाही. तेव्हा तारखेच्या चाकाचे दाते गुंतलेले असतात, जोर केला की तुटतात. तुम्ही जोर करणारच, म्हणून सगळ्यांसमोर सांगतेय!

मागच्या झाकणावर आपल्या लग्नाची तारीख कोरून घेतलीय. यापुढे विसरलात तर सबब चालणार नाही.

द्या हात, पहिल्यांदा मीच बांधते.