हळद पावडर दुबईला : पहिल्या एक टनाचा प्लॅन

काका, दादा, परवा बसून जे बोललो ते एकदाचं लिहून काढलंय, बघा आणि काय ते बोला.

गिऱ्हाईक: सुपरमार्केटच्या मागे आत्ता लागायचं नाही, ते उधारी मागणार आणि आपली तेवढी ताकद नाही. देरा भागातले मसाल्याचे होलसेलवाले आणि अजमान-शारजातले रीपॅकिंगवाले, जे २५ किलोची बॅग घेऊन स्वतःच्या नावाने विकतात, ते आपल्या साईजचे. प्रत्येकाला अर्धा किलो सॅम्पल आणि त्याच लॉटचा लॅब रिपोर्ट: कर्क्युमिन, शिसं, साल्मोनेला. शिशाचा आकडा ते आधी बघतात. ऑर्डरच्या आधी त्यांचं ट्रेड लायसन्स मागायचंच, लाजायचं नाही.

भाव: सौद्यातली हळद किलोला १५० रुपये धरली तर दळणातली घट, दळणावळ, बॅग मिळून १८५ पडतात, त्यावर आपले २५, आणि न्हावा शेवापर्यंतचं भाडं, कस्टम एजंट, तिथले चार्जेस मिळून टनाला २२ हजार म्हणजे किलोला २२. झाले २३२. डॉलर ८५ लाच धरायचा, बाजारात जास्त असला तरी, म्हणजे किलोला २.७३ डॉलर, कोट करायचं २.८०. डॉलर रुपयाने पडला तर टनामागे २,८०० जातात, ते सोसेल, एवढ्याशा रकमेला डॉलरचा भाव आधीच बांधून घ्यायला बँकेत फॉरवर्ड बुक करत बसायला नको. खरी भीती सांगलीच्या सौद्याची आहे, म्हणून कोट फक्त १० दिवस चालेल असं लिहायचं आणि ॲडव्हान्स आला की त्याच दिवशी हळद उचलायची.

टर्म: सगळे एफओबी एफओबी करतात, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंत जबाबदारी आपली, पण आपला माल कंटेनरभर नाही, तो दुसऱ्यांच्या मालाबरोबर जाणार आणि आपण तो फ्रेट स्टेशनवर सोपवणार, त्यामुळे एफसीए न्हावा शेवा लिहायचं, म्हणजे तिथे सोपवला की आपली जबाबदारी संपली. एजंट त्यांचा असला तरी बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे ज्या कागदावर तिकडे माल सुटतो त्यावर, शिपर आपणच आणि ओरिजिनल कॉपी आपल्या हातात, ही अट सोडायची नाही, पैशाची सगळी दोरी तिथेच आहे. ५० टक्के आधी, बाकी बिल ऑफ लेडिंगची स्कॅन कॉपी बघून, मग ओरिजिनल कुरिअर. तो 'माल पोचल्यावर देतो' म्हणाला तर सरळ नाही म्हणायचं.

कागद: आयईसी, म्हणजे एक्स्पोर्टचा कोड नंबर, निघालाय. मसाला असल्यामुळे स्पायसेस बोर्डाचं रजिस्ट्रेशन लागतंच, ते दादाने या आठवड्यात टाकावं. बँकेचा एडी कोड कस्टम्सला नोंदवायचा, जीएसटी न भरता पाठवायचं तर एलयूटी हे हमीपत्र द्यायचं. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल एजंट जुळवेल, पण वजन आणि बॅगांची संख्या तिन्हीत एकच आहे का हे आपणच बघायचं. यूएईसोबतचा करार १ मे २०२२ पासून लागू आहे, त्यातलं ओरिजिन सर्टिफिकेट काढून देऊ म्हणून आधीच सांगायचं, ड्यूटीत काही सुटलं तर फायदा त्याचा आणि भावात घासाघीस कमी. बॅगेवर जीआयचा, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा, शिक्का मात्र आत्ता नको, त्याचे अधिकृत वापरकर्ता म्हणून आपलं नाव लागल्याशिवाय चालत नाही.

सॅम्पलचं दळण सोमवारी घेऊ, काका, तुम्ही लॉट बाजूला काढून ठेवा.