अबाष्पनशील द्राव्य असलेले द्रावण: बाष्पदाबातील सापेक्ष घट आणि उत्कलनांकातील वाढ (सोडवलेली उदाहरणे)

उदाहरण 1. 25 °C तापमानाला शुद्ध बेंझिनचा बाष्पदाब 95.20 मिमी पारा इतका आहे. 100.0 ग्रॅम बेंझिनमध्ये एका अबाष्पनशील, विद्युत्-अपघटनी नसलेल्या सेंद्रिय पदार्थाचे 7.71 ग्रॅम विरघळवल्यावर त्याच तापमानाला द्रावणाचा बाष्पदाब 91.62 मिमी पारा भरतो. (अ) द्राव्याचे मोलर वस्तुमान काढा. (आ) हे द्रावण 1 वातावरण दाबाखाली किती तापमानाला उकळेल? बेंझिनचे मोलर वस्तुमान 78.11 ग्रॅम प्रति मोल, उत्कलनांक 80.1 °C आणि उत्कलनांक-उन्नयन स्थिरांक K_b = 2.53 केल्विन·किग्रॅ प्रति मोल घ्यावा.

उकल. द्राव्य अबाष्पनशील असल्यामुळे द्रावणावरील बाष्प केवळ बेंझिनचे असते, आणि राऊल्टच्या नियमानुसार त्याचा दाब द्रावणातील बेंझिनच्या मोल-अपूर्णांकाच्या प्रमाणात असतो: P = x₁P°. येथे x₁ + x₂ = 1 असल्याने बाष्पदाबातील सापेक्ष घट थेट द्राव्याच्या मोल-अपूर्णांकाइतकी येते:

(P° − P) / P° = x₂ = n₂ / (n₁ + n₂)

द्राव्याचे रेणू पृष्ठभागावर जागा अडवतात म्हणून बाष्पदाब घटतो, असे चित्र बहुतेक वेळा रंगवले जाते. ते लक्षात ठेवायला सोपे असले तरी त्यावर फार विसंबू नये, कारण तसे असते तर रेणूंच्या आकाराला महत्त्व आले असते. आदर्श विरल द्रावणाच्या या सूत्रात आकाराला स्थान नाही. मोजली जाते ती कणांची संख्या. खरे कारण असे, की मिसळण्यामुळे द्रवातील द्रावकाची एन्ट्रॉपी वाढते, त्याचे रासायनिक विभव खाली येते आणि बाष्पाशी समतोल कमी दाबालाच साधतो.

आता आकडे घालू.

P° − P = 95.20 − 91.62 = 3.58 मिमी
x₂ = 3.58 / 95.20 = 0.03761
n₁ = 100.0 / 78.11 = 1.2802 मोल

येथे पुष्कळ विद्यार्थी छेदातील n₂ सोडून देतात आणि x₂ ≈ n₂/n₁ असे धरून पुढे जातात. तसे केल्यास n₂ = 0.0481 मोल आणि मोलर वस्तुमान सुमारे 160 येते. अचूक उत्तरापेक्षा ते जवळजवळ 4 टक्क्यांनी जास्त आहे. ही चूक x₂ च्या किमतीइतकीच, म्हणजे 0.038 च्या घरात असते, त्यामुळे द्राव्याचा मोल-अपूर्णांक एखाद्या टक्क्याच्या आत असेल तरच हे सरलीकरण माफ करता येते. खरे तर त्याची गरजही पडत नाही, कारण छेदात P° ऐवजी P घेतला की कोणतेही अंदाजीकरण न करता पुढील संबंध मिळतो:

(P° − P) / P = x₂ / x₁ = n₂ / n₁

म्हणून

n₂ = 1.2802 × (3.58 / 91.62) = 1.2802 × 0.03907 = 0.0500 मोल
M₂ = 7.71 / 0.0500 = 154 ग्रॅम प्रति मोल

हे मोलर वस्तुमान बायफेनिलच्या (C₁₂H₁₀, 154.2) मोलर वस्तुमानाशी जुळते. एवढ्यावरून द्राव्य बायफेनिलच आहे असे मात्र सिद्ध होत नाही.

(आ) भागात बाष्पदाब 25 °C चा आणि उत्कलन 80 °C च्या पुढचे असल्याने, पहिल्या मोजणीतून मिळालेली संहती दुसरीकडे वापरता येईल का, अशी शंका रास्त आहे. मोलॅलिटी द्रावकाच्या वस्तुमानावर ठरते आणि वस्तुमान तापमानानुसार बदलत नाही, म्हणून ती दोन्ही ठिकाणी सारखीच राहते. मोलॅरिटी घेतली असती तर द्रवाचे आकारमान वाढल्यामुळे ती बदलली असती, आणि या प्रकरणात मोलॅलिटीचाच आग्रह धरला जातो तो याच कारणाने.

m = 0.0500 मोल / 0.1000 किग्रॅ = 0.500 मोल प्रति किग्रॅ
ΔT_b = K_b × m = 2.53 × 0.500 = 1.27 केल्विन
T_b = 80.1 + 1.27 ≈ 81.4 °C

मोल-अपूर्णांक आणि मोलॅलिटी यांना जोडणारे सूत्र m = 1000 x₂ / (M₁ x₁) असे आहे. त्यात x₂/x₁ = 0.03907 आणि M₁ = 78.11 घातल्यास पुन्हा 0.500 येते, म्हणजे द्राव्याचे वस्तुमान न वापरताही उत्कलनांक काढता आला असता. परीक्षेत वेळ असल्यास हा ताळा अवश्य घ्यावा.

उदाहरण 2. साखरेचे (सुक्रोज, मोलर वस्तुमान 342.3) एक जलीय द्रावण 1 वातावरण दाबाखाली 100.30 °C ला उकळते. 25 °C ला त्याचा बाष्पदाब किती असेल? पाण्यासाठी K_b = 0.512 केल्विन·किग्रॅ प्रति मोल आणि 25 °C ला P° = 23.76 मिमी पारा.

उकल. या वेळी प्रवास उलट्या दिशेने, मोलॅलिटीकडून मोल-अपूर्णांकाकडे आहे.

m = 0.30 / 0.512 = 0.586 मोल प्रति किग्रॅ

1 किग्रॅ पाण्यात 1000 / 18.015 = 55.51 मोल पाणी असते, म्हणून

x₂ = 0.586 / (55.51 + 0.586) = 0.01045
P° − P = 23.76 × 0.01045 = 0.25 मिमी
P = 23.51 मिमी पारा

0.586 मोल साखर म्हणजे सुमारे 200 ग्रॅम. एक किलो पाण्यात एवढी साखर घालूनही उत्कलनांक अंशाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमीच सरकतो, याकडे लक्ष द्यावे. साध्या तापमापीने मोलर वस्तुमान काढता येत नाही ते याचमुळे. त्यासाठी अंशाचे शंभर भाग दाखवणारी बेकमन तापमापी वापरली जाई. तुलनेसाठी, सुमारे साडेतेराशे मीटर उंचीच्या महाबळेश्वरला केवळ हवेचा दाब कमी असल्याने शुद्ध पाणी 100 °C च्या चार-पाच अंश खालीच उकळते. प्रयोगात दाब सांगितलेला नसेल, तर मोजलेल्या उत्कलनांकातील बदल द्राव्यामुळे झाला की दाबामुळे, हे ठरवता येत नाही.

पाण्याचा K_b पाठ करण्यापेक्षा त्याचा उगम पाहावा. K_b = R T_b² M₁ / ΔH_vap, यात M₁ किलोग्रॅममध्ये घेऊन

K_b = 8.314 × (373.15)² × 0.018015 / 40660 = 0.513

म्हणजे हा स्थिरांक द्रावकाच्या गुणधर्मांवर ठरतो, द्राव्याचा त्यात काहीही वाटा नाही. हे सूत्र मिळवताना द्रावण विरल आहे असे गृहीत धरलेले असते; कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात काहिलीतला रस आटत आटत शंभराच्या बराच वर, साधारण 116 ते 118 अंशांवर पोहोचतो तेव्हा द्रावणात पाणी थोडे आणि साखर फार असते, आणि तिथे ΔT_b = K_b m वापरून साखरेचे प्रमाण काढू नये.

द्राव्य मीठ असेल तर दोन्ही सूत्रांत कणांची खरी संख्या धरावी लागते. 1 किग्रॅ पाण्यात 0.100 मोल NaCl पूर्ण विघटित झाल्याचे मानल्यास कण 0.200 मोल होतात आणि ΔT_b = 2 × 0.512 × 0.100 = 0.102 केल्विन येते. प्रत्यक्ष किंमत याहून थोडी कमी असते, कारण विरुद्ध प्रभाराचे आयन एकमेकांना आकर्षित करतात आणि ते पूर्णपणे स्वतंत्र कणांसारखे वागत नाहीत.