विषय: ३०० पंप-बॉडी मशिनिंग, ५ जून २०२५ ला फोनवर ठरलेलं

कालचा माझा मेसेज: "दादा, बोलल्याप्रमाणे फिक्स. सोमवारी टेम्पो लावतो, रेट मागचाच. बाकी बघू."

अनिलदादा, नमस्कार.

काल घाईत वरचा मेसेज टाकला. पण ‘मागचाच रेट’ आणि ‘बाकी बघू’ यावरूनच गेल्या खेपेला आपलं वाजलं होतं. म्हणून ठरलेलं लिहून पाठवतो.

नग ३००, दर नगाला ८५ रुपये, जीएसटी वेगळा. सोमवारी ९ जूनला सकाळी आमचा टेम्पो चलनासह उद्यमबागला तुमच्या शेडवर येईल. परतीचं भाडं तुमचं. १५० नग १४ जूनपर्यंत, उरलेले २१ पर्यंत. कास्टिंगमध्ये ब्लोहोल निघाला तर तो नग आमच्या माथी, पण दिसल्या दिसल्या काम थांबवून फोटो पाठवायचा; पूर्ण करून मग सांगायचं नाही. बोअर ड्रॉइंगच्या मापाबाहेर गेला तर कास्टिंगची किंमत तुमच्या बिलातून वजा. बिल मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे.

पॅकिंगचं बोलणं झालेलंच नाही, ते ठरलेलं धरू नका.

काही चुकलं असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत याच मेलवर कळवा, नसेल तर नुसतं ‘मान्य’ लिहा.

सुनील
मच्छे, बेळगाव