मरून स्वेटरचं लेबल: धुणं, वाळवणं, इस्त्री

अगं, फोटो मिळाला. थोडा हललाय, पण सहाही चिन्हं दिसतायत. डावीकडून उजवीकडे वाचायची, क्रम बहुतेक ठिकाणी तोच असतो: धुणं, ब्लीच, वाळवणं, इस्त्री, ड्रायक्लीन. आधी कापडाची ओळ बघ. 50 टक्के लोकर, 30 व्हिस्कोज, 20 पॉलिअमाइड. निम्मी लोकर आहे, म्हणजे सगळं लोकरीच्या हिशोबानेच करायचं.

पहिलं चिन्ह पाण्याच्या टबचं. आत 30 आहे, आणि खाली दोन आडव्या रेघा. 30 म्हणजे पाणी जास्तीत जास्त 30 अंश. हात घातल्यावर गरम असं वाटायलाच नको, नळाच्या पाण्याचा नुसता गारठा मोडेल एवढंच गीझरचं पाणी मिसळ. दोन रेघा म्हणजे अगदी हळुवार धुणं, एक रेघ असती तर थोडी मुभा होती. पीजीतलं मशीन सेमी-ऑटोमॅटिक आहे म्हणालीस ना? मग त्यात घालूच नकोस. त्याच्या तळाची चकती कपडे घुसळते. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, ऊब आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून जाड होतो. तो परत मोकळा होत नाही.

म्हणून बादलीतच धू. ओला करण्याआधी स्वेटर वर्तमानपत्रावर पसरून पेनाने कडेकडेने आखून ठेव, पुढे लागेल. लोकरीचं लिक्विड एक झाकण पाण्यात आधी ढवळून घे, मग स्वेटर उलटा करून बुडव आणि चार-पाच मिनिटं नुसता दाबत राहा. नेहमीची पावडर नको, ती लोकरीला कडक पडते. खळबळायचं पाणीही तेवढंच कोमट हवं, एकदम गार नळाखाली धरू नकोस.

दुसरं चिन्ह, त्रिकोणावर फुली: ब्लीच अजिबात नाही. बाहीवर मिसळीची तर्री सांडलीय म्हणून हे मुद्दाम सांगते. पांढऱ्या कपड्यांसाठी बाथरूममध्ये जे ब्लीच ठेवतात ते लोकर खाऊन टाकतं. डागावर तेच लोकरीचं लिक्विड दोन थेंब टाकून बोटाने दाब, दहा मिनिटं ठेव, मग बाकीचा स्वेटर भिजव. ब्रश नको.

वाळवण्याची दोन चिन्हं आहेत. चौकोनात गोल आणि वर फुली, म्हणजे ड्रायर नको. पीजीखालच्या लॉन्ड्रीतला गरम हवेचा ड्रायर तोच. शेजारच्या चौकोनात एक आडवी रेघ आहे आणि डाव्या वरच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा. आडवी रेघ म्हणजे सपाट पसरून, तिरप्या रेघा म्हणजे सावलीत. दोरीवर टाकलास तर पाण्याच्या वजनाने लोंबेल, बाह्या गुडघ्यापर्यंत येतील! पिळूही नकोस. जुन्या टॉवेलात गुंडाळून वर दाब दे, पाणी टॉवेल पिऊन घेईल. मग दुसरा कोरडा टॉवेल टेबलावर घालून त्यावर स्वेटर पसर, आखलेल्या कागदाशी मापं ताडून बघ आणि हलक्या हाताने जागेवर आण. पंखा चालेल, ऊन नको. हळदीचा डाग उन्हात उडतो हे तुझ्या आजीचं म्हणणं खरंच आहे, पण मरून रंगही त्याच उन्हात उडेल.

इस्त्रीच्या चिन्हात एकच ठिपका आहे: सगळ्यात कमी आच, साधारण 110 अंश, वाफेशिवाय. खरं तर स्वेटरला इस्त्री लागतच नाही. कॉलर मुडपलीच असेल तर उलट्या बाजूने, वर सुती रुमाल ठेवून, न घासता दाब. खालच्या आणि मनगटाच्या पट्टीला लावू नकोस, ताण जातो. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांना देऊ नकोस, कोळशाच्या इस्त्रीला ठिपके कुठले! आणि डाग राहिला असेल तर त्या जागी इस्त्री नकोच, तो पक्का बसतो.

शेवटचा गोल, आत P आणि खाली एक रेघ, हा तुझ्यासाठी नाहीच. कोणतं द्रावण चालेल आणि प्रक्रिया सौम्य ठेवायची, एवढं तो ड्रायक्लीनवाल्याला सांगतो. ड्रायक्लीनच केलं पाहिजे असा त्याचा अर्थ नाही. पण एका धुण्यात तर्री गेली नाही, तर घासत बसू नकोस. त्याच्याकडे दे आणि डाग कशाचा ते सांग.

एक राहिलं. 30 चा पहिला आकडा लेबलाच्या घडीत दबलाय, 40 सुद्धा असू शकेल. तरी 30 च धर, पाणी थोडं कमी कोमट असलं तर काही बिघडत नाही. सपाट वाळायला दीड-दोन दिवस लागतील. शनिवारी घालायचाय तर उद्या सकाळी कॉलेजला जायच्या आधीच धू.