तुझा सारांश वाचला, एम्स आणि सिग्निफिकन्स परत लिहून पाठवतोय

अगं, काल रात्री तुझ्या पेरोव्स्काइट सोलर सेलवरच्या पीएचडी अर्जाच्या सारांशाचा ड्राफ्ट वाचला आणि सकाळी चहा घेताना परत एकदा वाचला. आधी एक सांगतो म्हणजे टेन्शन घेणार नाहीस, काम चांगलंय, प्रश्न चांगलाय, मेथडमध्ये फारसं काही हलवायची गरज नाही. गडबड आहे ती एम्स म्हणजे उद्दिष्टं आणि सिग्निफिकन्स म्हणजे महत्त्व या दोन ठिकाणी, आणि ३०० शब्दांच्या सारांशात पॅनेल खरं म्हणजे तेवढंच वाचतं. पॅनेलवर पाचातला एखादाच आपल्या विषयाचा निघाला तर नशीब समज.

आपलं ठरलंय तसं आधी मराठीतच लिहितोय. इंग्लिशमध्ये लिहायला बसलो की गोलगोल वाक्यं आपोआप येतात आणि ती भारी वाटतात, मराठीत तेच वाक्य लिहिलं की लगेच कळतं आत काहीच नाहीये. सगळं जमलं की मग इंग्लिश करू.

तुझं एमचं वाक्य हे होतं: "पेरोव्स्काइट सोलर सेल्सच्या स्थिरतेचा सर्वंकष अभ्यास करणे आणि ऱ्हासाची कारणे समजून घेऊन त्यांची कार्यक्षमता टिकवण्याचे उपाय शोधणे."

आता मला सांग, तीन वर्षांनी हे झालं की नाही हे कोण आणि कसं ठरवणार? "अभ्यास करणे" कधीच फेल जात नाही, कारण अभ्यास तर होतोच. आणि "उपाय शोधणे" ही तर वेगळीच पीएचडी आहे, तुझ्या मेथडमध्ये त्याचा एकही प्रयोग नाहीये, मी दोनदा शोधलं. पॅनेलमधला कुणीतरी नेमकं तेच विचारणार आणि तू अडकणार. ते काढून टाक, जीव तुटला तरी काढ.

गंमत म्हणजे तुझा खरा एम तुझ्याच ड्राफ्टमध्ये लपलाय, दुसऱ्या पॅराच्या शेवटी, कंसात! "(रात्री अंधारात ठेवल्यावर सेल थोडा सावरतो असे प्रकल्पात दिसले)". अगं बाई, हीच तर पीएचडी आहे आणि ती तू कंसात टाकलीस.

तुझ्या मास्टर्सच्या डेटातला तो एक दिवस घे. सकाळी एफिशियन्सी १८.२ टक्के, बारा तास उजेडानंतर संध्याकाळी १६.९, रात्रभर अंधारात ठेवून दुसऱ्या सकाळी १८.०. म्हणजे दिवसात १.३ पॉइंट पडले, त्यातले १.१ रात्रीत परत आले आणि कायमचे गेले फक्त ०.२. आता टी८० काढू, म्हणजे सुरुवातीच्या ८० टक्क्यांवर यायला लागणारा वेळ. १८.२ चे ८० टक्के म्हणजे साधारण १४.६, म्हणजे ३.६ पॉइंट पडायला हवेत. लाइट बंदच न करता सतत त्याच वेगाने पडत राहिलं तर जेमतेम ३४ तासांत तिथे पोचतो. पण रोज फक्त ०.२ कायमचे जात असतील तर १८ दिवस लागतात, त्यात उजेडाचे तासच २१६ च्या आसपास होतात. सेल एकच, आयुष्य सहापट वेगळं, फरक कशाचा तर रात्र मोजली की नाही याचा. (सरळ रेषेत पडत नाही हे मलाही माहितीये, उगाच भांडू नकोस, अंदाजासाठी धरलंय.)

आणि हे उलटंही होऊ शकतं हे विसरू नकोस. काही रचनांमध्ये उजेड-अंधार-उजेड हा धक्काच जास्त नुकसान करतो, म्हणजे सतत उजेडाच्या टेस्टमध्ये पास झालेला सेल सायकलमध्ये आपटतो. म्हणून "अंधाराने सेल सुधारतो हे दाखवणे" असा एम लिहू नकोस, तो आधीच उत्तर ठरवून बसल्यासारखा वाटतो. किती परत येतं, किती कायमचं जातं, आणि हे प्रमाण कशावर ठरतं, असं लिही. मग उत्तर काहीही आलं तरी थिसिस उभा राहतो.

आता सिग्निफिकन्स. तू सुरुवात केलीस "हवामान बदल हे मानवजातीपुढील सर्वात मोठे आव्हान असून" इथून. खरंय, पण हे वाक्य पवनचक्कीच्या प्रपोजलला चिकटव, बॅटरीच्या चिकटव, इलेक्ट्रिक बसच्या चिकटव, सगळीकडे बसतं, म्हणजेच ते तुझं नाही. आणि मग मानवजातीवरून एकदम "हा अभ्यास उद्योगासाठी उपयुक्त ठरेल" यावर उडी. कुठल्या उद्योगासाठी, कोण वापरणार, कशाच्या ऐवजी वापरणार? मधल्या सगळ्या पायऱ्या गायब.

मी स्वतःला असं विचारून बघतो: माझे आकडे हातात आल्यावर सोमवारी सकाळी नेमकं कोण वेगळं वागेल? तुझ्या केसमध्ये उत्तर अगदी सरळ आहे, टेस्टिंग करणारा माणूस. आज बरेच ग्रुप "१००० तास सतत उजेडात टिकला" असं छापतात. १००० तास म्हणजे सलग जेमतेम ४२ दिवस, पण दिवसाला बारा तास उजेड धरला तर तेच तास भरायला ८३ दिवस लागतात आणि मधे ८३ रात्री येतात. त्या १००० तासांचा छपरावर अर्थ काय होतो, हे तुझ्या कामातून सांगता येईल. २०२० मध्ये पेरोव्स्काइटसाठी जे कन्सेन्सस टेस्टिंग प्रोटोकॉल आले त्यात लाइट सायकलिंग वेगळं दिलंयच, म्हणजे टेस्ट आहे, पण एका टेस्टच्या आकड्यावरून दुसरीचा आकडा कसा काढायचा ते कुठल्याही रचनेला लागू पडेल असं बसलेलं नाही. तुझी गॅप ती. तिला "संशोधनाचा अभाव आहे" म्हणू नकोस, इतके पेपर आहेत की कुणीही हसेल.

बरं, आता लिहिलेलं देतो. शब्द तुझ्या पद्धतीने फिरव पण आकडे आणि क्रम हलवू नकोस.

---

पेरोव्स्काइट सोलर सेलची एफिशियन्सी २००९ मधल्या ३.८ टक्क्यांवरून आज २६ टक्क्यांच्या पुढे गेली आहे, पण सिलिकॉन पॅनेलसारखी वीस-पंचवीस वर्षांची खात्री त्यांना अजून देता येत नाही. त्यांचं आयुष्य बहुतेक वेळा सतत उजेडात ठेवून मोजलं जातं, प्रत्यक्षात मात्र रोज रात्र होते. उजेडात सरकलेले आयन अंधारात काही प्रमाणात मागे येतात आणि पडलेली एफिशियन्सी अंशतः भरून निघते, तर काही रचनांमध्ये हीच ये-जा नुकसान वाढवते. त्यामुळे सतत उजेडाच्या चाचणीतून काढलेलं आयुष्य प्रत्यक्षापेक्षा कमी किंवा जास्त, दोन्ही असू शकतं.

या संशोधनाचा प्रश्न असा: दिवस-रात्रीच्या चक्रात होणाऱ्या ऱ्हासातला किती भाग भरून निघतो, किती कायमचा राहतो, आणि हे प्रमाण सतत उजेडाच्या चाचणीवरून आधीच सांगता येईल का?

पहिलं उद्दिष्ट, दोन रचनांच्या सेल्समध्ये २५, ४५ आणि ६५ अंश सेल्सिअसला, सतत उजेडात आणि १२ तासांच्या चक्रात, दोन्ही प्रकारचा ऱ्हास वेगवेगळा मोजणं. प्रत्येक स्थितीत ८ असे एकूण ९६ सेल. दुसरं उद्दिष्ट, भरून निघणाऱ्या ऱ्हासाला लागणारा वेळ आणि आयन सरकायला लागणारा वेळ तापमानाबरोबर सारखेच बदलतात का, हे तपासणं. ते तसे बदलले नाहीत तर आयन हे मुख्य कारण आहे हे गृहीतक टिकत नाही. तिसरं उद्दिष्ट, या मोजमापांवरून सतत चाचणीचं आयुष्य चक्रातल्या आयुष्यात बदलणारं मॉडेल बांधणं आणि मॉडेल बांधताना न वापरलेल्या तिसऱ्या रचनेवर ते पडताळणं, भाकीत आधी नोंदवून आणि मोजमाप नंतर करून.

मॉडेल तिसऱ्या रचनेवर टिकलं तर आधीच छापलेल्या सतत उजेडाच्या निकालांचा प्रत्यक्ष वापरातला अर्थ लावता येईल आणि नवीन रचना निवडताना महिन्यांच्या चाचण्या वाचतील. ते टिकलं नाही तर त्यातून हे दिसेल की सतत उजेडाचा आकडा रचनांची तुलना करायला पुरेसा नाही आणि चक्रातली चाचणी टाळता येणार नाही. चाचणी करणाऱ्यांना आणि तिचे नियम ठरवणाऱ्यांना दोन्ही उत्तरांचा थेट उपयोग आहे. ९६ सेल्सचा कच्चा डेटा खुला केला जाईल.

---

तिसरं उद्दिष्ट वाचून तुला धडकी भरेल, माहितीये. भाकीत आधी लिहून ठेवायचं म्हणजे तोंडावर पडायची सोय आपणच करून ठेवायची. पण माझ्या मते अख्ख्या सारांशात सगळ्यात वजनदार ओळ तीच आहे. माझ्या स्वतःच्या पहिल्या अर्जात मी असलं काही लिहिलं नव्हतं, सगळं कसं गुळगुळीत आणि सेफ, आणि रिजेक्शनमध्ये एकच ओळ आली होती की अपेक्षित निष्कर्ष स्पष्ट नाही. तेव्हा राग आला होता, आता वाटतं बरोबर होतं त्यांचं.

"सर्वंकष", "अभिनव" आणि "क्रांतिकारी" तिन्ही काढलेत, परत घालू नकोस, मी बघणारे. पेरोव्स्काइटमधल्या शिशाच्या विषारीपणावरची ओळ पण उडवली, मुद्दा महत्त्वाचाच आहे पण तुझा एकही प्रयोग त्याला हात लावत नाही आणि मग मुलाखतीत पंधरा मिनिटं त्यावरच जातात. गाइडना वाटलं ठेवावी तर ठेव, मी त्यावर अडून बसणार नाही.

मेथडमध्ये फक्त एक बघ, ८ सेल एकाच बॅचचे घेऊ नकोस, निदान दोन बॅचमधून घे आणि तसं लिही, नाहीतर बॅचचा फरक आणि तापमानाचा फरक कुणीच वेगळा करू शकणार नाही. आणि ६५ अंशाला तुमचं सीलिंग धरतं का ते आधी रिकाम्या काचेवर चेक कर, सील सुटलं तर तू सेल नाही, गोंद मोजत बसशील.

शब्द मी मोजलेत, फॉर्मच्या ३०० मध्ये बसतंय पण फार जागा उरत नाही, इंग्लिश करताना फुगणार हे धरून चाल आणि फुगलं तर पहिल्या पॅरातून काप, उद्दिष्टांतून नको.

आणि हो, ते १८.२, १६.९, १८.० एकाच सेलचे आहेत की सगळ्यांची सरासरी, ते वहीत बघून आजच कळव. एकाच सेलचे असतील तर मुलाखतीत ते आकडे तोंडातून काढायचे नाहीत, आणि उरलेल्या सेल्सचा त्या दिवसाचा डेटा असेल तर मला पाठव, बसून बघू.