पालकसभेच्या बदललेल्या तारखेबाबत

दि. ३ फेब्रुवारी २०२५
इयत्ता सातवी ‘ब’ च्या सर्व पालकांस,

सप्रेम नमस्कार.

शनिवार, दि. ८ फेब्रुवारी रोजी ठरलेली आपल्या वर्गाची पालकसभा आता शनिवार, दि. १५ फेब्रुवारी रोजी होईल, याची कृपया नोंद घ्यावी. रविवारी, ९ तारखेला पाचवी आणि आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा असून आपली शाळा तिचे केंद्र आहे. आदल्या दिवशी सर्व वर्गांत बाके लावून त्यांवर बैठक क्रमांक चिकटवायचे असल्याने त्या दिवशी सभेसाठी एकही खोली मोकळी मिळणार नाही. ८ तारखेला मुलांची शाळा सकाळी १०.३० वाजता सुटेल. त्यांना न्यायला वेळेवर यावे.

आपल्यापैकी काहींनी ८ तारखेसाठी आधीच रजा टाकली असेल, याची मला कल्पना आहे. या गैरसोयीबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करते. सभा रविवारी, १६ तारखेला घ्यावी अशी सूचना आली होती, परंतु रविवारी मेगाब्लॉक असला की कळवा, दिवा येथून येणाऱ्या पालकांचे फार हाल होतात, म्हणून शनिवारच कायम ठेवला. त्याहून पुढे जाणे शक्य नाही, कारण २१ तारखेपासून दहावीची बोर्डाची परीक्षा सुरू होत असून तेव्हा बहुतेक शिक्षक पर्यवेक्षणाच्या कामात असतील.

हजेरी क्रमांक १ ते २२ च्या पालकांनी सकाळी ९ वाजता आणि २३ ते ४४ च्या पालकांनी १०.३० वाजता पहिल्या मजल्यावरील आपल्या वर्गात यावे. त्या दिवशी मुलांना सुट्टी आहे. नौपाड्यातील आपली गल्ली अरुंद असल्याने शक्यतो गाडी आणू नये. ठाणे स्थानकाच्या पश्चिमेकडून शाळा चालत येण्याजोगी आहे.

दुसऱ्या घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका आपल्याला सभेतच दाखवणार आहे. गणितात बऱ्याच मुलांचे उत्तर बरोबर आहे, पण मधल्या पायऱ्या नाहीत किंवा ‘चौसेमी’सारखे एकक लिहायचे राहिले आहे, आणि त्यामुळे गुण गेले आहेत. हे नुसत्या गुणपत्रकावरून कळत नाही. उत्तरपत्रिका समोर ठेवून आपण पाच मिनिटे बोललो, तर वार्षिक परीक्षेपर्यंत ही सवय नक्की सुधारता येईल. गुण कमी असले तरी मुलांना आधीच रागावू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आई-वडील दोघांनाही जमत नसेल तर आजी-आजोबांनी यावे, मला आनंदच होईल. १५ तारखेला कोणालाच शक्य नसल्यास बुधवार, दि. १२ किंवा गुरुवार, दि. १३ रोजी सायंकाळी ५ ते ६ या वेळेत मी शिक्षक खोलीत भेटेन. तसे मुलांच्या डायरीत शुक्रवारपर्यंत लिहून पाठवावे. हा संदेश वाचल्यावर डायरीतील सूचनेखाली सही मात्र सर्वांनी करावी, म्हणजे निरोप कोणाला पोहोचला नाही हे मला वेळेत कळेल आणि त्या घरी मी स्वतः फोन करेन.

आपली,
वर्गशिक्षिका, इयत्ता सातवी ‘ब’