विषय: मिड-सेम पेपर, प्रश्न ३(ब) मधील गुणांबद्दल

आदरणीय सर,

नमस्कार. शनिवारी उत्तरपत्रिका पाहिली. प्रश्न ३(ब) मध्ये, रिज रिग्रेशनच्या ग्रेडियंटला, मला ८ पैकी ४ गुण आहेत. माझं नेमकं काय चुकलं ते समजून घ्यायचं होतं.

दिलेलं फंक्शन:

L(w) = ½‖Xw − y‖² + (λ/2)‖w‖²

माझं शेवटचं उत्तर:

∇L = Xᵀ(Xw − y) + λw

तिसऱ्या ओळीत मी (Xw − y)ᵀX + λwᵀ असं लिहिलंय, त्याला लाल गोल आहे. तिथे डेरिव्हेटिव्ह रो व्हेक्टर धरला आणि पुढच्या ओळीत ट्रान्सपोज घेतला, पण तसं शब्दांत लिहायचं राहिलं. घाईत होतो, ही चूक माझीच. गुण त्यासाठीच गेले का, की चेन रूलची पायरी गाळली म्हणून?

घरी X = [1 2], y = 3, λ = 1, w = (1, 0)ᵀ घेऊन पाहिलं. सूत्राने (−1, −4)ᵀ येतं, आणि w चा एकेक घटक किंचित बदलून L मोजला तरी तेच येतं. म्हणून जरा गोंधळलोय.

गुण वाढवून मागत नाहीये, सर. एंड-सेमला हेच पुन्हा व्हायला नको. बुधवारी दुपारी आपल्या केबिनमध्ये आलो तर चालेल का? बर्डीहून येतो, ३ पर्यंत पोहोचेन. उत्तरपत्रिकेच्या त्या पानाचा फोटो जोडला आहे.

आपला विद्यार्थी,
रोल नंबर ४१, सेमिस्टर ५, सेक्शन ब